7812 लावूनही आवाज वाढवला की हम येतो – फिल्टर कपॅसिटर किती लावायचा?

कोरा_पीसीबी

नमस्कार मंडळी. 12 व्होल्ट 1 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, 1N4007 चे चार डायोड ब्रिजमध्ये, त्यापुढे 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचा कपॅसिटर आणि मग 7812, असा साधा सप्लाय बनवला आहे. त्यावर एफएम बोर्ड आणि TDA2003 चा छोटा अँप्लिफायर चालतो. आवाज कमी ठेवला तर अगदी स्वच्छ. आवाज वाढवला की गाण्यासोबत घरघर सुरू होते आणि बास आला की जास्तच.

तपासायला अँप्लिफायर काढून 7812 च्या आउटपुटवर 22 ओहम 10 वॉटचा रेझिस्टर लावला. मल्टिमीटरवर कपॅसिटरपाशी 13.3 व्होल्ट डीसी दिसतात, 7812 च्या बाहेर 11.1. रेझिस्टर काढला की बाहेर बरोबर 12.0 येतात. 7812 खराब निघाला का? स्कोप नाही माझ्याकडे.

---

बिनतारी

7812 बदलून बघ आधी. आत 13.3 येतायत, बाहेर 12 हवेत, म्हणजे इनपुट पुरेसं आहे. बाजारात डुप्लिकेट आयसी फार आहेत.

---

सोल्डरगन

आयसीचा काही दोष नाही, कपॅसिटर लहान पडतोय. कपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी समजा. डायोड भरतात, लोड उपसतो. टाकी लहान, म्हणून पातळी वरखाली होते. 10,000 मायक्रोफॅरड लावून टाका, रिपल संपला. मोठा लावून तोटा कधीच नसतो.

---

गोडबोले_सर

सोल्डरगन यांचं निदान बरोबर आहे, पण उपाय आणि शेवटचं वाक्य दोन्हीबद्दल मला बोलायचं आहे. त्याआधी बिनतारी यांचा मुद्दा, कारण नव्वद टक्के लोक इथेच फसतात.

मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवतो. 13.3 ही सरासरी आहे, आणि 7812 ला सरासरीशी काही देणंघेणं नाही. त्याला प्रत्येक क्षणी आउटपुटपेक्षा साधारण 2 व्होल्ट जास्त, म्हणजे 14 व्होल्ट लागतात. आता कपॅसिटरवर प्रत्यक्षात काय चाललं आहे ते तुमच्याच आकड्यांनी पाहू.

12 व्होल्ट आरएमएस म्हणजे टोकाला सुमारे 17 व्होल्ट. ब्रिजमध्ये करंट नेहमी दोन डायोडमधून जातो. चार्जिंगच्या क्षणी करंट काही अँपिअर असतो, त्यामुळे प्रत्येकी 0.9 व्होल्ट तरी पडतात. उरले 15.2. कपॅसिटर यापेक्षा वर कधीच जाणार नाही.

टोक ओलांडलं की ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज झपाट्याने उतरतो आणि चारही डायोड बंद होतात. तिथून पुढे लोड पूर्णपणे कपॅसिटरवर जगतो. तुमचा लोड 0.5 अँपिअर आणि कपॅसिटर 1000 मायक्रोफॅरड, म्हणजे दर मिलिसेकंदाला अर्धा व्होल्ट उतरतो. मेन्स 50 हर्ट्झची, ब्रिज दोन्ही अर्धी वापरतो, त्यामुळे पुढचं टोक 10 मिलिसेकंदांनी येतं. पण डायोड टोकाची वाट बघत नाहीत. चढणारी लाट उतरणाऱ्या कपॅसिटरला जिथे गाठते तिथेच ते चालू होतात. तुमच्या बाबतीत ही गाठ टोकाच्या सुमारे 2.2 मिलिसेकंद आधी पडते. म्हणजे कपॅसिटर 7.8 मिलिसेकंद एकटा लढतो आणि 3.9 व्होल्ट गमावतो. तळ 11.3 व्होल्ट.

```
ΔV = I × t / C
   = 0.5 × 0.0078 / 0.001 = 3.9 V
```

15.2 आणि 11.3 ची सरासरी काढा: 13.25. तुमचा मीटर 13.3 दाखवतो तो हाच.

आता 7812 च्या बाजूने बघा. टोकानंतर जेमतेम अडीच मिलिसेकंदांत इनपुट 14 च्या खाली जातं. त्यानंतर रेग्युलेटर रेग्युलेट करत नाही, इनपुटच्या मागे मागे खाली घसरतो आणि साडेनऊच्या आसपास पोहोचतो. हे सेकंदाला 100 वेळा. म्हणून बाहेर सरासरी 11.1, आणि म्हणून घरघर. आवाज कमी असताना करंट दहा टक्के, तर रिपलही साधारण दहा टक्के; तळ 14 च्या वर राहतो आणि 7812 सगळं गिळतो. आयसी ठणठणीत आहे.

---

बिनतारी

सरासरीचं लक्षात आलं. पण मग 7812 चं रिपल रिजेक्शन कशाला असतं? डेटाशीटमध्ये तर चांगलं दिलंय.

---

गोडबोले_सर

असतं ना. 60 डीबी धरलं तर हजारपट. आत 2 व्होल्टचा रिपल असला तरी बाहेर 2 मिलिव्होल्ट. पण तो आकडा इनपुट पूर्ण वेळ ड्रॉपआउटच्या वर असेल तेव्हाचाच. तळ एकदा 14 च्या खाली बुडाला की रिजेक्शन शून्य. म्हणून रेग्युलेटर असलेल्या सप्लायमध्ये रिपल 1 व्होल्ट आहे की 3, हा प्रश्नच दुय्यम. तळ कुठे आहे ते विचारा.

---

कोरा_पीसीबी

सर, एकदम लख्ख कळलं. मग 2200 लावू की 4700? आणि स्कोप नसताना रिपल मोजायचा कसा?

---

गोडबोले_सर

2200 लावलात तर रिपल 1.9 व्होल्ट, तळ 13.3. अजून कमीच. 4700 ला रिपल 0.95, तळ 14.25. काठावर पास. लक्षात घ्या, कपॅसिटर दुप्पट केल्याने रिपल बरोबर निम्मा होत नाही, कारण रिपल कमी झाला की डायोड आणखी उशिरा चालू होतात आणि एकट्याने लढण्याचा काळ 7.8 वरून 8.9 मिलिसेकंदांपर्यंत वाढतो. घाईचा हिशोब करायचा तर t सरळ 10 मिलिसेकंद धरा. उत्तर थोडं जास्त येतं, पण चूक सुरक्षित बाजूला होते.

मोजण्यासाठी मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि लाल प्रोबच्या मालिकेत 1 मायक्रोफॅरड 63 व्होल्टचा पॉलिस्टर कपॅसिटर लावा. तो डीसी अडवतो. स्वस्तातले पिवळे मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात, म्हणून हा कपॅसिटर हवाच. जो आकडा येईल त्याला साडेतीनने गुणा, म्हणजे टोक ते तळ रिपल मिळेल. तुमच्या आताच्या सर्किटला साधारण 1.1 दिसायला हवा. मग डीसीच्या आकड्यातून रिपलचा निम्मा वजा करा, तो तळ. मीटरची सगळ्यात लहान एसी रेंज 200 व्होल्ट असेल तर एका दशांशापर्यंतच कळेल, पण एवढ्या मोठ्या रिपलला तेवढं चालतं.

---

कोरा_पीसीबी

बसवून बघितलं. 1.1 च आला! तळ 13.3 वजा 1.9, म्हणजे 11.4. उद्या 4700 आणतो.

---

सोल्डरगन

मी तेच म्हणत होतो की मोठा लावा. 10,000 लावला तर काठावर राहायचा प्रश्नच नाही. सर, तोटा काय ते सांगा.

---

गोडबोले_सर

तुमचीच टाकी घेतो. टाकी कितीही मोठी बांधा, नगरपालिकेच्या नळाला जेवढा दाब आहे त्यापेक्षा पाणी वर चढत नाही. 10,000 ने तळ 14.7 च्या आसपास येईल, छत 15.2 चं 15.2. म्हणजे 4700 वरून 10,000 वर जाऊन मिळाला अर्धा व्होल्टसुद्धा नाही.

तोटा करंटमध्ये आहे. लोडला दर 10 मिलिसेकंदांत 5 मिलिकूलंब चार्ज लागतो, 0.5 अँपिअर गुणिले 0.01 सेकंद. तो सगळा डायोड चालू असतात तेवढ्याच वेळात भरावा लागतो. भरायला 2.2 मिलिसेकंद मिळाले तर त्या काळात सरासरी 2.3 अँपिअर वाहतो. 1 मिलिसेकंद मिळाला तर 5 अँपिअर. ट्रान्सफॉर्मरची तार करंटच्या वर्गाने तापते. म्हणून लोड 0.5 चा असला तरी वाइंडिंगमधला आरएमएस करंट 0.8–0.9 होतो. 1 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरसह 0.6 अँपिअर डीसीलाच धरावा असं म्हणतात ते यामुळे.

प्रत्यक्षात वाइंडिंगचा रेझिस्टन्स हे पल्स थोडे बोथट करतो. टोक थोडं खाली येतं, चार्जिंग थोडं लांबतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा परिणाम बराच असतो, त्यामुळे वरचे माझे आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होतील. पण दिशा तीच.

---

मीना_इलेक्ट्रॉनिक्स

माझाही हमचाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. 12-0-12 वर TDA2030 चे दोन चॅनेल, दोन्ही बाजूंना 4700. माझ्याकडे हम व्हॉल्यूम शून्य असतानाही तेवढाच येतो आणि वाढवला तरी वाढत नाही. 10,000 केले, तसूभर फरक नाही. कपॅसिटर डुप्लिकेट असतील का?

---

गोडबोले_सर

मीनाताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. रिपलमुळे येणारा हम लोडसोबत वाढतो. तुमचा वाढत नाही, आणि कपॅसिटर वाढवूनही हलत नाही, म्हणजे तो वायरिंगमधून शिरतोय.

ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेचं, कपॅसिटरच्या शून्याचं आणि इनपुट जॅकचं ग्राउंड कसं जोडलं आहे? बहुतेक वेळा इनपुटचं ग्राउंड सेंटर टॅपपाशी आणलेलं असतं. सेंटर टॅपपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेत चार्जिंगचे पल्स धावतात. 15 सेंटिमीटर बारीक हुकअप वायरचा रेझिस्टन्स 13 मिलिओहमच्या आसपास. त्यातून 2 अँपिअरचा पल्स गेला तरी 26 मिलिव्होल्ट पडतात. हे तुमच्या सिग्नलच्या ग्राउंडमध्ये मिसळले की स्पीकरवर ऐकू येणारच. कपॅसिटर मोठा केला की पल्स आणखी टोकदार, म्हणून फरक पडला नाही. सोल्डरगन, 'तोटा नाही' याला हेही एक उत्तर.

सेंटर टॅपची तार थेट दोन कपॅसिटरच्या जोडावर आणा. तिथून पुढे वेगळ्या तारेने एक बिंदू काढा आणि स्पीकरचा परतीचा आणि इनपुटचा ग्राउंड त्या बिंदूवर घ्या. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामध्ये कुठेही तिसरी तार जोडू नका.

---

तिसरा_डायोड

मीनाताई, हम कसला आहे ते कानाने ओळखता येतं का बघा. मोबाइलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप घ्या. 100 आणि त्याच्या पटीत दिसलं तर ब्रिजनंतरची भानगड. नुसता 50 दिसला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वायरीत शिरतंय, ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवून बघा, हम कमीजास्त होईल. (मेन्सच्या बाजूला पक्कं इन्सुलेशन असेल तरच.)

आणि धागाकर्त्यासाठी: कपॅसिटरवरच 50 सापडला तर ब्रिजमधला एक डायोड उघडा आहे. मग एकाच बाजूची लाट भरते, t जवळपास दुप्पट, रिपलही दुप्पट. 4007 चा ड्राय सोल्डर असला तरी हेच होतं.

---

सेटटॉप

माझ्या सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमधून बारीक शिट्टी येते. त्यातला 1000 बदलून 4700 टाकू का मग?

---

तिसरा_डायोड

अजिबात नको. तो एसएमपीएस आहे. तिथे 230 व्होल्ट थेट ब्रिजमध्ये जातात आणि पहिल्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही टिकून राहतात. हा धागा वाचून तो उघडू नका. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

कोरा_पीसीबी

4700 लावला (25 व्होल्टचाच मिळाला). दुपारी एकदम स्वच्छ. 22 ओहमवर बाहेर 11.98. पण रात्री आठला पुन्हा घरघर! कपॅसिटर गरम नाही. मेन्स मोजली तर 204 व्होल्ट. आमच्याकडे संध्याकाळी अशीच असते.

---

गोडबोले_सर

मग कपॅसिटरचा विषय संपला. 204 वर सेकंडरी 10.6 व्होल्ट, टोक 15.05, दोन डायोड गेले की 13.2. छतच 14 च्या खाली आहे. रिपल शून्य केला तरी 7812 चालणार नाही.

15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. 230 वर छत 19.4 आणि 204 वर 17 मिळेल. तेव्हा 2200 मायक्रोफॅरडसुद्धा पुरेसा होतो, कारण 2 व्होल्टचा रिपल परवडतो. पण कपॅसिटर 35 व्होल्टचा घ्या. लोड नसताना छोटा 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर 17 च्या पुढे जातो, त्यात मेन्स 250 झाली तर कपॅसिटरवर 26 व्होल्ट येतील. 25 चा तिथे टिकणार नाही.

आणि दिवसा 7812 मध्ये सरासरी 6 व्होल्ट गुणिले 0.5, म्हणजे 3 वॉट जळतील. हीटसिंक लागेल, तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पुरते.

---

सोल्डरगन

ट्रान्सफॉर्मर बदलण्यापेक्षा 1N5822 शॉटकी लावा. दोन डायोडमध्ये 1.8 ऐवजी 1 व्होल्ट पडेल, 0.8 फुकट मिळाले.

---

तिसरा_डायोड

0.8 ने छत 14.0 होतं. रिपलला जागाच कुठे उरली? शॉटकी 220 च्या वर कामाचे, 204 ला नाहीत. त्यापेक्षा LM2940-12 का नको? त्याला अर्धा व्होल्टच लागतो. शॉटकी आणि तो मिळून 204 ला चालून जाईल.

---

गोडबोले_सर

चालेल, पण त्याच्या आउटपुटला 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या पायाशी लावावाच लागतो आणि तोही फार कमी ईएसआरचा, म्हणजे फार कमी आतल्या रेझिस्टन्सचा, चालत नाही, नाहीतर तो ऑसिलेट होतो. मिळाला आणि हे जमलं तर पर्याय चांगला आहे. मी स्वतः ट्रान्सफॉर्मरच बदलेन.

---

जुना_रेडिओ

एक वेगळं सुचवतो. अँप्लिफायरला रेग्युलेटर हवाच कशाला? TDA2003 8 ते 18 व्होल्टवर चालतो. तो सरळ कपॅसिटरवर घ्या आणि फक्त एफएम बोर्डाला 7809 द्या, बोर्ड 9 वर चालत असेल तर. 7809 ला 11 व्होल्ट पुरतात, 204 ला 4700 वर तळ सव्वाबारा आहे. आहे तोच ट्रान्सफॉर्मर चालेल, 7809 ला हीटसिंकही नको.

कपॅसिटर जुन्या टीव्हीतून काढलेला असेल तर एक चाचणी करा. सप्लाय बंद करून, डिस्चार्ज करून, तेवढाच नवा त्याला समांतर लावा, पोलॅरिटी सांभाळून. नुसता दुप्पट झाल्याने रिपल साधारण निम्मा व्हायला हवा. त्याहून खूप जास्त उतरला तर जुन्याचा ईएसआर वाढलाय. 1 ओहमचा ईएसआर आणि 3 अँपिअरचा चार्जिंग पल्स म्हणजे तिथेच 3 व्होल्ट गेले, वर मायक्रोफॅरड कितीही छापलेले असोत.

---

गोडबोले_सर

कल्पना उत्तम आहे, पण दोन शंका. TDA2003 चं स्वतःचं रिपल रिजेक्शन तीस-पस्तीस डीबी, म्हणजे चाळीस-पन्नासपट. पूर्ण आवाजाला 1 व्होल्टचा रिपल स्पीकरवर 20 मिलिव्होल्ट उरतो. गाणं चालू असताना तो झाकला जाईल. शांततेत करंट कमी, रिपलही कमी. ही शंका किरकोळ.

दुसरी खरी. लोड नसताना 12 चा ट्रान्सफॉर्मर 14 पर्यंत जातो. टोक 19.8, डायोड कमी करंटला 0.7 प्रत्येकी, म्हणजे 18.4. आयसीची चालण्याची मर्यादा 18. मेन्स 245 झाली तर आणखी वर.

---

जुना_रेडिओ

28 व्होल्टपर्यंत तो जळत नाही, फक्त काम थांबवतो. आणि अँप्लिफायर शांत असतानाही पन्नास-साठ मिलिअँपिअर घेतोच, तेवढ्याने व्होल्टेज थोडा बसतो. माझ्या मते चालेल.

---

गोडबोले_सर

'थोडा' म्हणजे किती, हे त्या ट्रान्सफॉर्मरवर मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. कोरा_पीसीबी, सकाळी मेन्स सगळ्यात जास्त असते तेव्हा 7812 काढून कपॅसिटरवर 330 ओहम 2 वॉटचा रेझिस्टर लावा, साधारण 55 मिलिअँपिअर जातील. त्यावर डीसी किती येतात आणि तेव्हा मेन्स किती आहे, ते इथे लिहा. 17 च्या आत आला तर जुना_रेडिओ यांचा मार्ग घ्या.

---

मीना_इलेक्ट्रॉनिक्स

सर, सेंटर टॅपची तार कपॅसिटरच्या जोडावर नेली, इनपुटचं ग्राउंड तिथून वेगळं घेतलं. हम बराच कमी झालाय, पण उजव्या चॅनेलला कान लावला की अजून बारीक येतो. अ‍ॅपवर 50 दिसतो, 100 नाही.

---

तिसरा_डायोड

मग तो रिपल नाही. उजव्या चॅनेलची इनपुट वायर ट्रान्सफॉर्मरच्या किती जवळून जाते? शिल्डेड आहे का, आणि शिल्ड एकाच टोकाला जोडली आहे की दोन्ही?